अंजू मॅडम खरं काय म्हणाल्या होत्या

वैभवीचा आवाज नववीत सापडला. त्याआधी तो कुठं दडून बसला होता, देव जाणे. आठवीपर्यंत ती हजेरीत "हजर" म्हणायची ते तिच्या तिलाच ऐकू जायचं. बाई चष्म्यावरून पाहत राहायच्या आणि शेवटी शेजारची रंजीता ओरडायची, "हाय मॅडम, बसून राह्यली हितंच!" सगळा वर्ग फिदीफिदी. वैभवी बाकाखाली पेन शोधायला वाकायची आणि हजेरी संपेपर्यंत वर यायची नाही.

मग केनवडच्या शाळेत मराठीला अंजू मॅडम आल्या. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या, सावळ्या, बारीक, हसल्या की आधी डोळे हसायचे. त्यांनी 'शनिवारची ओळख' नावाचं एक प्रकरण सुरू केलं. दर शनिवारी परिपाठात एका मुलीनं गावातल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची, सगळ्या शाळेपुढं, माईकवर. पहिल्याच खेपेला मॅडमनी नाव पुकारलं ते वैभवीचं. वर्गाला वाटलं, मॅडमना अजून पोरींची नावं पाठ नाहीत. पण मॅडमना पाठ होती.

पहिल्या मुलाखतीत वैभवीचे पाय असे कापत होते की मुख्याध्यापक सरांनी तिला खुर्ची देऊ केली. दुसरीत ती पुरतं एक वाक्य बोलली. चौथीपाचवीनंतर मात्र असं झालं, की बांध फुटला. आता पोरगी बोलायला लागली की तिचं बटण कुठं आहे हे कुणालाच सापडेना. घरी जेवताना ताटाला माईक समजून बोलायची. आई म्हणायची, "आधी घास गिळ वं, मंग भाषण दे." बाप दौलतराव शेतातून आला की दारातच त्याचं स्वागत व्हायचं, "आज आपल्यासोबत आहेत केनवडचे प्रगतिशील शेतकरी!" तो बिचारा चपला काढता काढता परत घालायचा.

चक्कीवाल्याच्या मुलाखतीत तर कहर झाला. तिनं विचारलं, "दळण दळताना तुमच्या मनात काय विचार येतात?" तो तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "नक्कीच, समाजसेवेचे!" तो म्हणाला, "हो." तिनं पुढं विचारलं, "तुमचं बालपण कसं गेलं? कष्टातच ना?" तो म्हणाला, "हो." असे बरेच 'हो' झाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वैभवीला वाटलं, आपण जग जिंकलं. टाळ्यांत एक माणूस टाळ्या न वाजवता, हाताची घडी घालून तिच्याकडं पाहत होता. त्या अंजू मॅडम होत्या. वैभवीनं तेव्हा त्याचा अर्थ असा लावला की मॅडम भारावून गेल्या.

पुढच्या वर्षी, वैभवी दहावीत असताना, दिवाळीनंतर मॅडमची बदली झाली. हुकूम आला आणि त्यांना लगेच निघावं लागलं, निरोप समारंभाला वेळच नव्हता. जाण्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वैभवी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "मॅडम, शेवटची मुलाखत तुमची. नाही म्हणायचं नाही." मॅडमनी नाही म्हटलं नाही.

रेकॉर्डिंगचं काम रंजीताकडं. तिचा बाप बाबूसिंग ऊसतोडीला गेलेला, फोन तिच्या आईचा, म्हणजे धुरपताबाईचा. तो तिनं खास परवानगी काढून आणला होता. रंजीता बोलायची कमी, पण कामाला पक्की. तिनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, कारण रिसोडला जाणाऱ्या जीपवाल्यांचे भोंगे आत येतात. टेबलावर ओढणीची घडी ठेवून तिच्यावर फोन ठेवला, म्हणजे टेबलाचा धक्का लागत नाही. मध्येच फोन आला तर रेकॉर्डिंग तुटतं म्हणून विमानाचं चित्र दाबलं. आधी एक ओळ बोलून, ऐकून पाहिली आणि मगच बोटानं खूण केली. त्या दिवशी बाबूसिंगनं नेमका फोन केला, तो लागला नाही, आणि रंजीतानं घरी बोलणी खाल्ली. पण मुलाखत अख्खी झाली.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

मॅडम जाऊन बरेच दिवस झाले, शेतात तुरी वाळायला लागल्या, तेव्हा मुख्याध्यापक सरांनी सांगितलं, की मॅडम राहिलेले कागद घ्यायला शनिवारी येणार आहेत. तेव्हाच निरोप समारंभ उरकू. आणि वैभवी त्यांना आभाराचं पत्र वाचून दाखवील. "असं पत्र लिही," सर म्हणाले, "की मॅडमनी तुला काय दिलं ते शाळेला कळलं पाहिजे."

वैभवीनं ते एका बैठकीत लिहिलं. रेकॉर्डिंग ऐकायची काय गरज? तिला सगळं पाठ होतं! पत्र चांगलं दोन्ही बाजूंनी भरलं. त्यात दीपस्तंभ होता, परीस होता, आणि एका जागी तर दोन्ही एकाच वाक्यात होते. शेवटी मॅडमचा मुख्य सल्ला, अवतरणचिन्हात: "वैभवी, नदीसारखी वाहत राहा, कधी थांबू नकोस!" ते लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी कागदावर एक थेंब पडेल इतकं यावं म्हणून ती जरा वेळ वाकूनही बसली, पण नाही पडलं.

सरांना पत्र इतकं आवडलं की त्यांनी ते वाक्य लगेच रिसोडला पाठवून दिलं, फ्लेक्स छापायला. निळ्या पार्श्वभूमीवर धबधबा, कोपऱ्यात मॅडमचा फोटो, मध्ये ते वाक्य, आणि खाली ठळक: 'अंजू मॅडम'.

बुधवारी संध्याकाळी वैभवीनं ते पत्र रंजीताला वाचून दाखवलं. वैभवीच्या घराच्या स्लॅबवर तूर वाळत घातली होती, दोघी तिच्या कडेनं बसल्या होत्या. रंजीतानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "चांगलं हाय."

"फक्त चांगलं?"

"या पत्रात मॅडम कमी हाय आन् तूच जास्त हाय."

"आभाराचं पत्र हाय ते. माह्या मनातलं राह्यलंच पाहिजे!"

"राहू दे मंग. पण ते नदीचं वाक्य मॅडमचं नाही."

"मंग कोणाचं हाय?"

"तुह्यं."

वैभवी एवढ्या मोठ्यानं हसली की खाली अंगणात आईनं विचारलं, काय झालं म्हणून. "म्या सोता ऐकलं, रंजे! मॅडम हितं बसल्या, मी हितं बसली. मॅडम म्हणल्या, नदीसारखी वाहत राह्य!"

"माह्या आईचा फोन हाय खाली, तुह्या आईपाशी ठेवलेला. आणू?"

"आण! लाव शर्यत! हारली तं तू माह्या दप्तराचं वझं उचलशीन, उन्हाळ्यापर्यंत."

रंजीता खाली गेली. वैभवी वर बसून हारलेल्या रंजीताला आपण किती मोठ्या मनानं माफ करू, याची वाक्यं जुळवत राहिली.

एक इअरफोन वैभवीच्या कानात, एक रंजीताच्या. रेकॉर्डिंग लागलं. पहिलाच आवाज आला तो वैभवीचा आणि तो बराच वेळ गेलाच नाही. "नमस्कार मंडळी, आज या मंगल आणि तितक्याच दुःखद प्रसंगी..." तिला आधी छान वाटलं. मग जरा लांब वाटलं. मग तिनं विचारलं, "मॅडम कवा बोलतीन?"

"थांब ना," रंजीता म्हणाली. "तेथ मी बी वाटच पाहून राह्यली होती."

'शनिवारची ओळख' लिहून काढायची मॅडमनी एक पद्धत शिकवली होती. कागदाच्या मध्ये उभी रेघ मारायची, एका बाजूला विचारणारा, एका बाजूला सांगणारा. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मागं नेऊन पुन्हा ऐकायचं, आणि आपल्याला वाटतं ते नाही, आलं तेच लिहायचं. वैभवीला ही पद्धत नेहमी फार कंटाळवाणी वाटायची, म्हणून मुलाखती उतरवायचं काम रंजीताच करायची. आज वैभवीनं स्वतः कागद घेतला आणि रेघ मारली.

डाव्या बाजूला 'मी', उजव्या बाजूला 'मॅडम'. डावी बाजू भरली, पान उलटलं. पुन्हा भरली. उजवीकडं पांढरं रान. तिथं मधूनमधून एखादं वाक्य उभं होतं, तेही अर्धं:

"वैभवी, मला तुला एक सांगायचं आहे. मुलाखत घेताना..."

आणि डावीकडं लगेच: "हो मॅडम, आत्मविश्वास!"

"तो आहे तुझ्यात. मी म्हणत होते, की समोरचा माणूस..."

"घाबरलेला असतो! त्याला आपण धीर द्यायचा!"

"तसंही. पण..."

"आणि संघर्ष, मॅडम! आपल्या श्रोत्यांना तुमच्या जीवनातल्या संघर्षाबद्दल सांगा!"

इथं टेबलावर धाडकन हात आपटल्याचा आवाज होता. तो वैभवीचाच हात.

"संघर्ष असा काही," मॅडमचा आवाज हसरा होता. "मी तिसरीत होते. तांड्यावरून नुकतीच शाळेत यायला लागले होते. एक दिवस गुरुजींनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं..."

"अगदी बरोबर मॅडम! गुरू म्हणजे अंधारातला दिवा!"

वैभवीनं फोन थांबवला. कान गरम झाले होते. "रंजे," ती म्हणाली, "गुरुजीनं काय विचारलं?"

"मले काय माहीत? तू सांगूच नाही देलं."

"मंग तू काहून नाही बोलली तवा?"

"मी बोलली तं रेकॉर्डिंगमंदी माहा आवाज येते ना."

तिनं पुन्हा सुरू केलं. पुढं थोडं कुरकुर कुरकुर झालं. कागद फाटल्याचा आवाज. मॅडम म्हणत होत्या, "घ्या, चिक्की आहे, वाशीमहून आणली." आणि मग चमत्कार झाला. वैभवीचा आवाज बंद झाला. नुसतं कुडुम कुडुम. चिक्की भलती चिवट निघाली होती आणि तिच्या वरच्या दातांना खालचे दात चिकटून बसले होते, हे तिला आता आठवलं. त्या शांततेत मॅडम सलग बोलल्या. त्या मुलाखतीत पहिल्यांदा आणि शेवटचं:

"तू प्रश्न विचारलास ना, की तो प्रश्न त्या माणसाचा झाला. तुझा नाही राहिला. मग तू फक्त थांबायचं. तो गप्प बसला तर घाबरून तू उत्तर देऊ नको. आणि तो दोन शब्द बोलून थांबला, तर संपलं असं समजू नको. पहिलं जे येतं ना, ते त्यानं आजवर सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. त्याच्या मागून येतं ते त्याचं स्वतःचं. विहिरीत बादली टाकली, ती पाण्याला टेकली की लगेच ओढतो का आपण? बुडू द्यावी लागते. तू बोलायला शिकलीस, मला फार आनंद आहे. आता एवढं एक शीक."

मग चिक्की गिळल्याचा आवाज. आणि लगेच, मोठ्या उत्साहात, वैभवी: "म्हणजेच मॅडम, नदीसारखं वाहत राहायचं, कधी थांबायचं नाही! हाच ना तुमचा मुख्य सल्ला?"

यानंतर जरा वेळ काहीच नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, "बरं."

रंजीतानं इअरफोन काढला, गुंडाळला, आणि म्हणाली, "मॅडमनं चिक्की मुद्दाम देली असंन."

वैभवीला रडू यायला हवं होतं. आधी हसूच आलं, आणि हसता हसता मग खरंच रडू आलं. वर्षभर ज्या बाईनं तिच्यासाठी वाट पाहिली, हजेरीत, माईकपुढं, पाय कापत असताना, त्या बाईला तिनं चिक्कीएवढी जागा दिली होती! आणि शनिवारी ती सगळ्या शाळेपुढं उभी राहून त्या बाईंच्या तोंडी स्वतःचंच वाक्य घालणार होती. मॅडम समोर बसून पुन्हा "बरं" म्हणणार. ते एक "बरं" आता तिला कोणत्याही शिवीपेक्षा जड वाटायला लागलं.

"दुसरं पत्र लिही," रंजीता म्हणाली.

"आन् फ्लेक्स?"

"सरले सांग."

दुसऱ्या दिवशी वैभवीनं सरांना सांगितलं. सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या गुंडाळीकडं पाहिलं. फ्लेक्स येऊन पडला होता. "आता छापून झालं ना पोरी," सर म्हणाले. "मॅडम तसं म्हणाल्या नसतील, तर आता म्हणतील."

"पण सर, मॅडम याच्या उलटंच म्हणल्या."

"उलटं म्हणजे? वाहू नको, थांब? असा कुठं फ्लेक्स असते काय?"

वैभवीकडं एरवी या प्रश्नाला सात उत्तरं तयार असती. ती गप्प राहिली. खरं सांगायचं तर सल्ला पाळायचा म्हणून नाही, काही सुचलंच नाही म्हणून. पण झालं भलतंच. सर जरा वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, "नावावर पट्टी चिकटवता येईल. अक्षर चांगलं काढा म्हणजे झालं." वैभवी थक्क झाली. ही थांबण्याची गोष्ट चालते की काय!

आता तिला ती करून पाहायचा नादच लागला. आणि पत्रातही ते हवंच होतं. मॅडमनीच शिकवलं होतं की आभाराच्या पत्रात 'तुमचे अनंत उपकार' लिहून भागत नाही. समोरच्यानं नेमकं काय सांगितलं, त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि आपण त्याचं पुढं काय केलं ते लिहायचं. नाहीतर त्याला कसं कळावं, की आपलं सांगणं कुठं पोचलं? पहिल्या पत्रात वैभवीनं काय केलं होतं? भाषण.

संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. वैभवी पाटावर बसली आणि विचारलं, "आई, तुले शाळेत काय आवडे वं?"

"मले? कायचं काय. काहीच नाही." आईनं भाकरी तव्यावर टाकली.

वैभवीच्या जिभेच्या टोकावर वाक्य येऊन उभं राहिलं: 'नक्कीच, मराठी!' तिनं ते दातात धरलं. भाकरी फुगली. आईनं ती उलटली. वैभवीनं पायाचा अंगठा दुसऱ्या पायाखाली दाबून धरला, कारण तोही हलत होता. गप्प बसणं हे असं अंगमेहनतीचं काम असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"नकाशा," आई म्हणाली. एकदम. तव्याकडंच पाहत. "नकाशा काढे मी. नद्या. निळ्या पेन्सिलीनं. गुरुजी दुसऱ्या वर्गातल्या पोरायले आणून दाखवत, पाहा म्हणे, पैनगंगा कशी काढली हिनं." मग तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. "सातवीनंतर नाही गेली मी. ते पेन्सिल लय दिवस होती माह्यापाशी." मग चमकून म्हणाली, "काय पाह्यतं माह्या तोंडाकडं? बोल की काहीतरी! बरी हाय ना तू?"

पंधरा वर्षं एका घरात राहून वैभवीला हे माहीत नव्हतं. कसं असणार? तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि अलीकडं विचारलं असतं तर उत्तर तिनंच देऊन टाकलं असतं.

त्या दिवशी तिनं दुसरं पत्र लिहिलं. ते एकाच बाजूत बसलं. परीस गेला, दीपस्तंभ गेला. रंजीतानं वाचून एकच म्हटलं, "आता मॅडम दिसतात याच्यात." वैभवीनं विचारलं, "आन् मी?" रंजीता म्हणाली, "तू बी दिसतं. कोपऱ्यात."

शनिवारी मॅडम आल्या. तीच हिरवी साडी, तेच डोळ्यांचं हसणं. मैदानावर सतरंज्या, वर फ्लेक्स. धबधबा, फोटो, "नदीसारखी वाहत राहा, कधी थांबू नकोस!" आणि खाली कार्डशीटची पट्टी, तिच्यावर रंजीताच्या वळणदार अक्षरात: 'वैभवी (दहावी)'. मॅडमनी ते वाचलं, एक भुवई वर केली आणि रंजीताकडं पाहिलं. रंजीतानं आभाळाकडं पाहिलं.

शाल झाली, नारळ झाला, सरांचं भाषण झालं. वैभवीचं नाव आलं. ती माईकपुढं उभी राहिली आणि, कमाल बघा, पाय पुन्हा कापायला लागले. नववीतल्यासारखे. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला.

"प्रिय मॅडम," तिनं वाचायला सुरुवात केली. "वरचं वाक्य माझं आहे. मी ते तुमचं समजून सगळ्यांना सांगत होते. काल-परवा रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं. तुम्ही मला सांगितलं होतं ते असं, तुमच्याच शब्दांत: 'तू प्रश्न विचारलास ना, की तो प्रश्न त्या माणसाचा झाला. मग तू फक्त थांबायचं. पहिलं जे येतं, ते त्यानं आजवर सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. त्याच्या मागून येतं ते त्याचं स्वतःचं.' हे तुम्ही बोललात तेव्हा माझ्या तोंडात चिक्की होती, म्हणून ते पूर्ण ऐकू आलं."

पोरं खदखदली. मॅडमनी पदर तोंडाला लावला.

"मी हे करून पाहिलं. आईला एक प्रश्न विचारला आणि थांबले. आईनं मला तिच्या नकाशातली पैनगंगा दाखवली, जी मी कधी पाहिली नव्हती. चक्कीवाल्या काकांची मुलाखत मी पुन्हा घेणार आहे, कारण मागच्या खेपेला ती मी माझीच घेतली होती. मॅडम, मला बोलायला शिकवल्याबद्दल आभार. गप्प बसायलाही तुम्हीच शिकवलंत, ते मला उशिरा समजलं, त्याबद्दल जास्त आभार. एकच राहिलं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'मी तिसरीत होते, एक दिवस गुरुजींनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं...' तिथं मी तुम्हाला तोडलं. मॅडम, गुरुजींनी काय विचारलं?"

पत्र तिथं संपलं होतं. वैभवीनं कागद खाली घेतला आणि थांबली.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी नजर खाली घेतली. मैदान गप्प झालं. मागून कुणीतरी "झालं का?" म्हणालं. पाचवीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. सर खुर्चीतून अर्धे उठले, माईककडं हात गेला. वैभवीच्या घशात वाक्यांची रांग लागली होती. 'तुमचा संघर्ष!' 'आपण टाळ्या वाजवूया!' 'धन्यवाद!' एकेक वाक्य हात वर करून म्हणत होतं, मी जाते, मी जाते. तिनं सगळ्यांना बसवलं. माईकमधून फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तो सगळ्या केनवडला ऐकू जात असणार असं तिला वाटत होतं. रंजीतानं सरांच्या कोटाची बाही हळूच धरली. सर पुन्हा बसले.

मग मॅडम उठल्या. माईकपाशी आल्या.

"गुरुजींनी विचारलं," त्या म्हणाल्या, "काय झालं गं तुला?"

एवढंच बोलून त्या हसल्या. वैभवी थांबली. अजूनही थांबली.

"आमच्या घरी गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतात. मला मराठी नीट यायची नाही. मी सकाळपासून बाकावर चुळबुळ करत होते. दुसऱ्या एका मास्तरांनी दोनदा दटावलं होतं, नीट बस. गुरुजींनी विचारलं आणि ते थांबले. पोरं हसायला लागली, तरी थांबले. मी कितीतरी वेळ शब्द शोधत होते. शेवटी मला तो सापडला." मॅडमनी मैदानावर नजर फिरवली. "मी म्हटलं, लघवीला जायचं आहे."

हसण्याचा असा लोंढा उठला की बाहेरच्या रस्त्यावरची जीपही हळू झाली. सर खोकल्यात लपले. वैभवीला स्वतःचीच कीव आली. इतके दिवस ती या अर्ध्या वाक्याच्या पलीकडं केवढं डोंगराएवढं दुःख रचून बसली होती!

"हसा," मॅडम म्हणाल्या. "मीही हसते. पण त्यांनी वाट पाहिली नसती, तर त्या दिवशी माझी सगळ्यांपुढं फजिती झाली असती, आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत आलेच नसते. आमच्या तांड्यावरच्या कितीतरी मुली अशाच एका दिवसानंतर आल्या नाहीत. मी आले, कारण मला कळलं होतं, इथं एक माणूस आहे जो माझं बोलणं संपेपर्यंत उभा राहतो." त्या वैभवीकडं वळल्या. "हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. बाहेरची माणसं संघर्ष विचारतात, मी संघर्ष सांगते."

टाळ्या झाल्या. वैभवीनं त्या मोजल्या नाहीत, कारण त्या तिच्या नव्हत्या.

समारंभानंतर दोघी मॅडमना फाट्यापर्यंत सोडायला गेल्या. मॅडमच्या हातात शाल, नारळ आणि ते एका बाजूचं पत्र. रिसोडहून पुढं वाशीमची एसटी गाठायची होती.

"दहावीनंतर काय करणार, वैभवी?" मॅडमनी विचारलं.

"कलेक्टर!" वैभवी म्हणाली. हे उत्तर तिच्याकडं कायम तयार असायचं, पाहुण्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, अध्यक्षांसाठी.

मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसतं तिच्याकडं पाहत राहिल्या. रंजीतानं वैभवीकडं पाहिलं, मग गालात हसून रस्त्याकडं तोंड फिरवलं. वैभवीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला फार विचित्र वाटलं, कुणी आपल्यासमोर उभं राहून आपण आणखी काय म्हणतो याची वाट पाहत आहे म्हणून.

रिसोडची जीप आली. जीपला मागं लटकलेला पोरगा ओरडला, "चला रिसोड, रिसोड, बसा मॅडम!" मॅडमनी हात हलवून जीप पुढं जाऊ दिली.

"मॅडम," वैभवी म्हणाली, आणि तिचा आवाज हजेरीतल्यासारखा बारीक झाला होता, "मले खरं तं माहीतच नाही."

मॅडमनी नारळ आणि शाल फाट्यावरच्या ओट्यावर ठेवली आणि स्वतःही तिथं बसल्या.